अक्षरं पळून जात नाहीत, असा गेम कुठला?

दिवाळीच्या सुट्टीत बेळगावच्या शहापूर भागातल्या एका घरात घडलेली गोष्ट. घरातला मुलगा एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. सातवीत असताना त्याला डिस्लेक्सिया असल्याचे निदान झाले होते. मशीन उघडून पुन्हा जोडायला सांगा, तो जोडतो. कॅरममध्ये गल्लीत त्याला हरवणारे कमीच. रॉकेट लीगमध्ये तर इचलकरंजीहून आलेला आतेभाऊ त्याच्याकडून सलग पाच मॅच हरला.

मग आतेभावाने आपल्या आवडीचा गेम लावला. द वॉकिंग डेड, २०१२ साली आलेला, गोष्ट सांगणारा गेम. पात्रं बोलत होती, मुलाला गोष्ट नीट कळत होती. एका प्रसंगात पडद्यावर चार उत्तरं आली आणि त्यांच्यासोबत एक पट्टी आक्रसू लागली. पट्टी संपायच्या आत उत्तर निवडायचे होते. त्याची दोन उत्तरं वाचून होईपर्यंत पट्टी संपली. न बोलणं हेही या गेममध्ये एक उत्तरच धरलं जातं, त्यामुळे त्याचे पात्र गप्प उभे राहिले आणि समोरचे पात्र चिडले. असे तीनदा झाले. चौथ्यांदा आतेभाऊ म्हणाला, "अरे बोल की काहीतरी!" मुलाने कंट्रोलर खाली ठेवला, डोकं दुखतंय म्हणाला आणि उठून गेला.

अशा वेळी घरचे दोनपैकी एक निष्कर्ष काढतात. एक, याला गोष्टीचे गेम जमत नाहीत, याने रेसिंग आणि फुटबॉलच खेळावं. दोन, असे गेम खेळला तर वाचायची सवय तरी लागेल, खेळू दे तसाच. दोन्ही चुकीचे आहेत. त्या मुलाचे अडले ते एकाच जागी. वाचायला लागणारा वेळ त्याच्या हातात नव्हता, गेमच्या हातात होता.

मजकूर किती, यापेक्षा घड्याळ कोणाचं

डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी कमी असणे नव्हे आणि नजरेचा दोषही नव्हे. 'तारे जमीं पर' आल्यापासून एवढे तरी बहुतेकांना ठाऊक आहे. अक्षरावरून आवाज आणि आवाजावरून शब्द, ही साखळी इतरांमध्ये आपोआप चालते. डिस्लेक्सिया असलेल्या माणसाला ती दर वेळी मेहनतीने चालवावी लागते. शब्द कळतो, पण उशिरा कळतो आणि दमवून कळतो. तेच वाक्य कानावर पडले तर इतरांइतक्याच वेगाने समजते.

यातून गेम निवडताना विचारायचे तीन प्रश्न निघतात. पडद्यावरचा मजकूर खेळणाऱ्यासाठी थांबतो का? तोच मजकूर आवाजातून किंवा चित्रातून मिळतो का? आणि तो वाचलाच नाही तर खेळ अडतो का? एखाद्या गेममध्ये मजकूर भरपूर असूनही पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल, तर तो चालतो. मजकूर जेमतेम दहा शब्दांचा, पण तो दोन सेकंदांत गायब होणारा आणि न वाचल्यास हरवणारा असेल, तर मजा जाते.

घड्याळ स्वतः वाईट नाही, हेही इथेच सांगायला हवे. ओव्हरकुक्ड या गेममध्ये दोघे-तिघे मिळून हॉटेलचे स्वयंपाकघर चालवतात. सगळा खेळ घाईचा, भांडी जळतात, गिऱ्हाईक निघून जाते, घरात आरडाओरडा होतो. पण ऑर्डर येते ती चित्रात : वर कोपऱ्यात टोमॅटोचे चित्र, पातेल्याचे चित्र. वाचायचे काही नसल्यामुळे डिस्लेक्सिया असलेला खेळाडू इथे कुणाच्याही बरोबरीने धावतो. रॉकेट लीगचेही तसेच. घड्याळ आणि वाचन एकत्र येतात तिथेच बिघडते.

मजकूर पळून जाण्याचे प्रकारही वेगवेगळे असतात. आक्रसणारी पट्टी लगेच दिसते, म्हणून तिच्याबद्दल तक्रार तरी होते. बाकीचे प्रकार लक्षातही येत नाहीत. गेम सुरू होताना 'अमुक बटण दाबून धरा' अशी सूचना कोपऱ्यात येते आणि जाते, मग पुढचा अर्धा तास खेळाडू भिंतीवर उड्या मारत बसतो. लोडिंगच्या पडद्यावर कामाची टीप असते, पण मशीन जितकी वेगवान तितकी ती लवकर जाते. नवीन लॅपटॉप घेतल्यावर गेम उलट अवघड झाल्यासारखा वाटतो, त्यामागे कधी कधी हे कारण असते. आणि मारामारी चालू असताना एखादे पात्र खालच्या ओळीत काहीतरी सांगत राहते. डोळे शत्रूवर ठेवायचे की ओळीवर, हा प्रश्न भरभर वाचणाऱ्यालाही पडतो. हळू वाचणाऱ्याला तर तिथे निवडीचीही संधी उरत नाही.

वाचायला भरपूर, तरी चालणारा गेम

उदाहरण म्हणून स्टारड्यू व्हॅली घेऊ. शेतीचा हा गेम २०१६ साली आला, संगणकावरही चालतो आणि मोबाइलवरही. वरवर पाहिले तर डिस्लेक्सिया असलेल्याला तो कुणी सुचवणार नाही. गावातली माणसं बोलतात ती फक्त लेखी, आवाज नाही. रोज सकाळी टपालपेटीत पत्र येऊ शकते. बियाणे, खते, मासे, खनिजे यांची नावे इंग्रजीत. त्यावर गेममधला दिवस साधारण चौदा मिनिटांत संपतो, म्हणजे घड्याळही आहे.

तरीही तो चालतो, कारण एकट्याने खेळताना संवादाची चौकट उघडली की दिवसाचे घड्याळ थांबते. पत्र उघडले की थांबते, मेनू उघडला की थांबते. माणूस काय म्हणाला हे दहा सेकंदांत वाचा की दोन मिनिटांत, सूर्य जागचा हलत नाही. उत्तर निवडायचे असेल तिथेही पट्टी आक्रसत नाही. अक्षरे एकेक करून उमटत असतात, त्याचा काहींना त्रास होतो, पण एक क्लिक केले की सगळे वाक्य एकदम समोर येते आणि पुढचे क्लिक करेपर्यंत तसेच राहते.

दुसरी गोष्ट, न वाचताही बरेच काही कळते. बियाण्याच्या पाकिटावर पिकाचे चित्र असते. दुकानाबाहेरच्या कॅलेंडरवर वाढदिवसाच्या दिवशी त्या माणसाचा चेहरा असतो. गावच्या जुन्या सभागृहात कोणत्या वस्तू आणून द्यायच्या, ते वस्तूंच्या चित्रांनीच दाखवलेले असते. मासे पकडताना वेगाने हात चालवावा लागतो, पण तिथे एकही शब्द वाचायचा नसतो.

अडचणी आहेत. अक्षरे ठोकळ्याठोकळ्यांची आणि मूळ आकारात बारीक आहेत. सेटिंगमध्ये `UI Scale` वाढवला की संवादाची चौकट आणि अक्षरे मोठी होतात. गेम सुरू करताना सर्वांत आधी हेच करावे. दुसरी अडचण मित्रांसोबत खेळताना येते. मल्टिप्लेअरमध्ये एकट्याने संवाद उघडून घड्याळ थांबत नाही, दिवस पुढे सरकत राहतो. म्हणजे एकच गेम एकट्याने खेळताना चांगला आणि चौघांत खेळताना त्रासाचा, असे होऊ शकते. त्यावर उपाय वाटणीचा आहे. पत्रे आणि गावातली बोलणी ज्याला वाचायला सोपे जाते त्याने घ्यावीत; खाण, मासे आणि शेत दुसऱ्याने. मुलांना हे सांगावे लागत नाही, ती दोन दिवसांत आपणच वाटून घेतात. मोठी माणसे मात्र "नाही, सगळ्यांनी सगळं करायचं" म्हणून मध्ये पडतात.

माइनक्राफ्टही याच जातीचा आहे. कोणती वस्तू कशापासून बनते हे आता त्यात चित्रांच्या पुस्तकातून दिसते. जावा आवृत्तीत `Ctrl+B` दाबले की चॅट आणि मेनू वाचून दाखवणारा आवाज चालू-बंद होतो. हा आवाज एकसुरी आहे, पण मित्राने चॅटमध्ये काय लिहिले ते कळायला पुरेसा आहे.

कानाने खेळायचे गेम

गोष्ट हवी, पण वाचन नको, तर पूर्ण आवाजातले गेम शोधावे लागतात. पोर्टल २ हा २०११ चा गेम त्यासाठी अजूनही पहिल्या पंक्तीत आहे. कोड्यांचा गेम, पण कोडे समजावून घ्यायला वाचावे लागत नाही. खोलीच्या सुरुवातीला असणाऱ्या पाटीवर त्या खोलीत काय काय भेटणार त्याची चिन्हे असतात, आणि बाकी सगळे टोमणे मारणारी एक यंत्रबाई बोलून सांगते. बहुतेक कोड्यांना वेळेचे बंधन नाही. जिथे आहे तिथे टिक-टिक ऐकू येते. दोघांत खेळायच्या भागात तर एकमेकांना 'इथे बघ' म्हणून पडद्यावर खूण करता येते, लिहावे लागत नाही. मर्यादा एवढीच की बोलणे इंग्रजीत आहे, आणि टोमणे समजायला इंग्रजी कानाला सरावाचे हवे.

भाषेचा हा मुद्दा सीमाभागात जास्तच महत्त्वाचा. इथला मुलगा घरी मराठी बोलतो, शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकतो, हिंदी सिनेमातून आपोआप येते. तीन लिप्या. डिस्लेक्सिया असलेल्याला प्रत्येक लिपीत अडचण सारखीच येते असे नाही. देवनागरी किंवा कन्नडमध्ये जसे लिहिले तसे वाचता येते, इंग्रजी स्पेलिंगचा घोळ तिथे नाही. पण मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे, कन्नडात खाली लटकणारी अक्षरे, हे सगळे मोबाइलच्या बारीक फॉन्टमध्ये एकमेकांत मिसळते. त्यामुळे 'गेम हिंदीत केला की सुटेल' असे धरून चालू नये. दोन्ही भाषांत पाच-पाच मिनिटे खेळून बघावे. ऐकण्याची भाषा मात्र वेगळी निवडावी. ज्याला इंग्रजी वाचून कळत नाही त्याला ते ऐकूनही कळणार नाही, असे काही नाही. आणि हिंदी तर इथे सगळ्यांनाच कानाने कळते.

इथे पुण्याच्या एका गेमचे नाव घ्यावे लागते. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओने २०२० मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' काढला. राजी नावाची मुलगी असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या लहान भावाला, गोलूला शोधायला निघते. वर दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल आपसात बोलतात, आणि ते बोलणे राजी चालत असताना कानावर पडत राहते. भिंतीवरच्या चित्रांजवळ गेले की त्यांची गोष्टही सांगितली जाते. सुधारित आवृत्तीत हे सगळे हिंदी आवाजात ऐकता येते. वाचायचे उरते ते बटणांच्या सूचना आणि शस्त्रांच्या शक्ती निवडायचे पान. लढाई मात्र पुढे अवघड होते. ती अडचण वाचनाची नव्हे, बोटांची आहे, पण खेळणाऱ्याला आधी सांगितलेले बरे.

आवाजाच्या गेममध्ये एक चूक हमखास होते. खालच्या ओळी, म्हणजे सबटायटल, चालूच राहतात. इतरांना त्यांचा आधार वाटतो. डिस्लेक्सिया असलेल्याचे डोळे मात्र आपसूक त्या ओळींकडे ओढले जातात, मेंदू वाचायची खटपट सुरू करतो आणि ऐकणे अर्धे सुटते. आवाजाची भाषा कळत असेल तर सबटायटल बंद करून एकदा खेळून पाहावे. काहींना उलट ओळ आणि आवाज दोन्ही मिळून सोपे जाते. कोणाला काय जमते ते दहा मिनिटांत समजते, त्यावर वाद घालायची गरज नाही.

शब्दच नसलेले गेम हा तिसरा पर्याय. त्यांची यादी लांब आहे, इथे थोडक्यात. जर्नीमध्ये वाळवंटातून डोंगराकडे जायचे असते. वाटेत दुसरा खरा खेळाडू भेटतो, आणि त्याच्याशी बोलायचे ते फक्त एका सुरात. लिंबो आणि इन्साइड यांत एक संवाद नाही, पण दोन्ही भीतीदायक आहेत, लहान मुलांसाठी नाहीत. ग्रिसमध्ये मरण नाही, चुकले तर पुन्हा सुरुवात नाही, मोबाइलवरही मिळतो. गोरोगोआ हे चित्रांच्या चौकटी सरकवून सोडवायचे कोडे आहे आणि ते भल्याभल्यांना घाम फोडते. 'वाचता येत नाही म्हणून सोपं काहीतरी दे' असे म्हणणाऱ्याच्या हाती एकदा द्यावा.

सेटिंगमध्ये काय बघायचं

नवीन गेम लावला की खेळायच्या आधी सेटिंगमध्ये जावे. अक्षरांचा आकार आणि अक्षरे उमटायचा वेग, या दोन गोष्टी आधी शोधाव्यात. वेग `Text Speed` अशा नावाखाली असतो. तो सर्वांत जास्त किंवा `Instant` करावा. 'हळू वाचणाऱ्याला हळू वेग' हे तर्काला पटते, पण प्रत्यक्षात उलटे आहे. अर्धा शब्द उमटलेला असताना डोळे त्यावर अडकतात, अंदाज चुकतो, पुन्हा मागे यावे लागते. सगळे वाक्य एकदम आले की आपल्या गतीने वाचता येते. त्याच पानावर `Auto` किंवा `Auto-Advance` असेल तर ते बंद करावे, नाहीतर वाक्ये आपोआप पुढे जातात.

फॉन्टबद्दल बरेच गैरसमज आहेत. ओपनडिस्लेक्सिकसारखे तळाशी जाड असलेले खास फॉन्ट काही गेममध्ये मिळतात. कुणाला आवडला तर जरूर वापरावा, पण अशा फॉन्टमुळे वाचन सुधारते असा ठोस पुरावा मिळालेला नाही. त्यापेक्षा अक्षरांमधली जागा महत्त्वाची. २०१२ मध्ये डिस्लेक्सिया असलेल्या इटालियन आणि फ्रेंच मुलांवर झालेल्या एका अभ्यासात, अक्षरांमधले अंतर वाढवल्यावर मुले जास्त वेगाने आणि कमी चुका करत वाचू लागल्याचे दिसले. गेममध्ये अंतर बदलायची सोय क्वचितच असते. म्हणून आकार वाढवणे, मागे गडद पट्टी लावणे, आणि शक्य असेल तर मोबाइलऐवजी टीव्हीवर खेळणे, एवढे हातात राहते.

मग पॉझची परीक्षा. पडद्यावर मजकूर असताना पॉझ दाबून बघायचा. काही गेममध्ये पॉझ केल्यावरही ओळ दिसत राहते, म्हणजे काम झाले. बऱ्याच गेममध्ये पॉझचा मेनू ओळीवरच येऊन बसतो, म्हणजे पॉझचा वाचायला उपयोग शून्य. अशा गेममध्ये `Log` किंवा `Backlog` असे काही आहे का बघावे. त्यात आधी झालेले संवाद साठवलेले असतात आणि सावकाश वाचता येतात.

मजकूर थांबत असेल तर मोबाइलचाही आधार घेता येतो. गूगल लेन्स उघडून टीव्हीवर धरला, अक्षरे निवडली की इंग्रजी मजकूर वाचून दाखवला जातो, भाषांतरही होते. शेतीच्या गेममधल्या विनोदांचे भाषांतर काय होते ते न विचारलेलेच बरे, पण पत्रात मासे मागितलेत की मुळे, हे कळते. मोबाइलमध्ये अंधांसाठी असलेला टॉकबॅक मात्र गेममध्ये सहसा उपयोगी पडत नाही. गेममधली अक्षरे ही मोबाइलच्या लेखी अक्षरे नसून चित्र असतात. मोठ्या स्टुडिओंनी गेमच्या आतच वाचणारा आवाज बसवायला सुरुवात केली आहे. २०२० च्या द लास्ट ऑफ अस पार्ट २ मध्ये पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवायची सोय आहे. पण तो महागडा गेम, आणि फक्त मोठ्यांसाठी.

मित्रांच्या गराड्यात

एकट्याने खेळताना अडले तर कुणाला दिसत नाही. चारचौघांत दिसते, आणि मुले गेम सोडतात ती बहुधा तिथेच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घराघरांत पोहोचलेला अमंग अस घ्या. जहाजावरची कामे चित्रांची आहेत, अडत नाही. पण सभा भरली की सगळे भराभर टाइप करतात. आपल्यावर संशय आलाय हे वाचून होईपर्यंत आणि 'मी वायरिंगपाशी होतो' हे लिहून होईपर्यंत मतदान संपलेले असते. मित्र म्हणतात, गप्प होता म्हणजे हाच चोर.

या गेममध्ये चर्चेचा आणि मतदानाचा वेळ खोली उघडणाऱ्याला, म्हणजे होस्टला वाढवता येतो. पण खरा उपाय साधा आहे : सभेपुरता ग्रुप कॉल लावायचा आणि तोंडाने भांडायचे. एरवी सगळ्यांनी म्यूट. खोटे कोण बोलतंय हे आवाजावरून ओळखायला लागते, त्यामुळे गेम इतरांसाठीही जास्त रंगतो. कुणासाठी सवलत केली असे कुणाला वाटत नाही.

बीजीएमआयसारख्या गेममध्ये लढाईत वाचन कमीच. तिथे पडलेल्या सामानाची यादी येते, ती आपोआप उचलायची सोय सेटिंगमध्ये आहे. ती एकदा शांतपणे बसून लावून द्यावी. खरा त्रास लढाईच्या बाहेर असतो. एकावर एक उघडणाऱ्या जाहिराती, ऑफर, बक्षिसे. 'बंद करा' आणि 'विकत घ्या' यांतला फरक घाईत वाचला गेला नाही तर पैसे जातात. ज्या फोनला पैशाचे खाते जोडलेले आहे त्यावर खरेदीला पासवर्ड लावणे, हा इथला पहिला उपाय.

विकत घेण्याआधी

दुकानाच्या पानावरून मजकूर थांबतो की नाही हे कळत नाही. त्यासाठी यूट्यूबवर त्या गेमचा, मध्ये कुणी न बोलणारा व्हिडिओ शोधावा. सुरुवात बघू नये. तिथे सगळेच गेम शिकवत असतात, मजकूर जास्तच दिसतो. विसाव्या मिनिटापासून पुढची पंधरा मिनिटे बघावीत आणि कागदावर तीन रकाने पाडावेत : थांबला, बोलून सांगितला, निघून गेला. प्रत्येक मजकुराला एक रेघ. तिसऱ्या रकान्यात दोन-तीन रेघा असल्या आणि त्या बिनमहत्त्वाच्या असल्या तर हरकत नाही. तिथे गर्दी झाली, किंवा एकदा जरी न वाचल्यामुळे खेळाडू हरताना दिसला, तर तो गेम बाजूला ठेवावा. व्हिडिओ बघताना हे काम खेळणाऱ्यानेच करावे. भरभर वाचणाऱ्याला निघून गेलेला मजकूर निघून गेल्यासारखा वाटतच नाही.

स्टीमवर २०२५ पासून गेमच्या पानावर सोयींची यादी दिसू लागली आहे. `Adjustable Text Size`, `Subtitle Options`, `Narrated Game Menus` या नावांकडे लक्ष द्यावे. `Playable without Timed Input` हे नाव वाचून हायसे वाटते, पण ते ठरावीक वेळात बटण दाबण्याबद्दल आहे. आपोआप निघून जाणाऱ्या सूचनांबद्दल त्यातून काही कळत नाही. शिवाय ही यादी गेम बनवणारेच भरतात. यादी रिकामी असली म्हणजे सोय नाही असे नव्हे, कदाचित भरलेली नसेल.

तरी चुकले तर स्टीमवर परत करता येते : खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत, आणि एकूण खेळ दोन तासांपेक्षा कमी झालेला असेल तर. म्हणून पहिल्याच दिवशी दीड तास नेटाने खेळून बघावे. गेम घेऊन ठेवला आणि परीक्षेनंतर उघडला, तर चौदा दिवस कधीच सरलेले असतात.

शहापुरातल्या त्या मुलाने दिवाळीनंतर हेच केले. आतेभावाने फोनवर सुचवलेले दोन गेम तिसऱ्या रकान्यातल्या रेघांमुळे बाद झाले, तिसरा राजी. हिंदी आवाज लावला, सबटायटल बंद केले, लॅपटॉप टीव्हीला जोडला. लढाईत तो खूपदा मरतो आणि चिडतो, पण उठून जात नाही. आवाज मोठा असल्यामुळे गोष्ट घरभर ऐकू जाते. चौथ्या दिवशी तो क्लासहून आला तर आजी दारातच विचारत होती, "काय रे, त्या पोरीला तिचा भाऊ सापडला का न्हाई अजून?"